डबा डाव्या हातात घेतला आणि त्या मुलाला मारलं. गर्दीत आपलं नेमकं काय होतं?

सचिन_कळवा | मंगळवार, रात्री १०:४०

गेल्या गुरुवारची गोष्ट. रबाळ्याहून सुटून सातच्या सुमाराला ठाण्याला उतरलो. तिथून कळव्यासाठी स्लो पकडायची, म्हणून ट्रान्सहार्बरच्या फलाटावरून पुलाकडे निघालो होतो. जिन्याखाली आरडाओरडा चालला होता. "पकडलाय, मोबाईल मारत होता." तीस-चाळीस जणांचं कडं आणि मध्ये सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा. कोणी त्याची कॉलर धरली होती, कोणी मागून टपल्या मारत होतं.

मी काही पाहिलं नव्हतं. फोन कोणाचा, कधी गेला, काही माहीत नव्हतं. तरी पुढे गेलो आणि त्याच्या पाठीत जोरात एक धपाटा घातला. त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता, तो ओलावा हाताला लागला. मारण्याआधी मी जेवणाचा डबा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला होता. हे मला नंतर घरी आल्यावर आठवलं.

मग पन्नाशीच्या एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी वर चढलेल्या आवाजात विचारलं, "फोन कोणाचाय? ज्याचा फोन गेला तो कुठाय?" कोणी बोललंच नाही. मारणाऱ्यांपैकी एकाचाही फोन गेला नव्हता. त्या मुलाच्या खिशात एक तिकीट आणि रुमाल निघाला. कडं हळूहळू सैल झालं, तेवढ्यात पोलीस आले. तो मुलगा चोर होता की नव्हता, मला आजही माहीत नाही.

मी घरात कधी मुलांवर हात उचललेला नाही. चार रात्री झोप नीट लागलेली नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की गर्दीत गेल्यावर माणसाचं डोकं खरंच बंद होतं का? की मी आतून असाच आहे?

अण्णा_वाशी | मंगळवार, रात्री ११:१५

सचिनराव, प्रामाणिकपणे लिहिलंत. स्वतःला फार खाऊ नका. गर्दीला डोकं नसतं हे जुनंच शहाणपण आहे. ल बाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८९५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माणूस एकटा असतो तेव्हा सुसंस्कृत असतो, जमावात शिरला की रानटी होतो, असं तो म्हणतो. नाव-गाव कोणाला कळणार नाही ही खात्री झाली की आतला पशू बाहेर येतो. चाळीस वर्षं लोकलने प्रवास केला, मला तरी हेच दिसलं.

प्राजक्ता_२२ | बुधवार, सकाळी ८:०५

माझाही फोन दोन महिन्यांपूर्वी ठाण्यालाच गेला, गाडीत चढताना. तक्रार दिली, पुढे काहीच कळलं नाही. फोन परत मिळण्यासाठी अजून काय करता येईल? इथे कोणाला अनुभव आहे का?

निवृत्त_हवालदार | बुधवार, सकाळी ९:३०

प्राजक्ताताई, तक्रारीची प्रत आणि फोनचा IMEI नंबर घेऊन ceir.gov.in वर फोन ब्लॉक करा. IMEI खोक्यावर असतो. नंतर कोणी त्यात सिम घातलं तर माग लागू शकतो. बाकी धागा वेगळ्या विषयावर आहे, म्हणून इथेच थांबतो.

सचिन, मी तेवीस वर्षं लोहमार्ग पोलिसात होतो. असली कडी शेकड्याने फोडली असतील. तुझ्यासारखी माणसं मला दर वेळी दिसायची. डबेवाली, बॅगवाली, चांगल्या घरची. आतल्या दोघा-तिघांना निदान काहीतरी माहीत असतं. मागून येणाऱ्याला काहीच माहीत नसतं. तो एक फटका मारतो आणि पुलाकडे चालायला लागतो, कारण त्याला गाडी पकडायची असते. हे मी का सांगतो? ज्याचं डोकं बंद झालंय त्याला ७:१२ ची आठवण राहत नाही.

मृण्मयी_ऐरोली | बुधवार, दुपारी २:२०

हवालदारकाकांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मी कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला मुलं अण्णांचंच मत मांडतात, आणि ते मत टाकाऊ नाही. पण त्याच्या पुढे खूप काही घडून गेलंय.

सचिन, तुम्ही ज्याबद्दल विचारताय त्याला डीइंडिव्हिज्युएशन म्हणतात. गर्दीत आपण 'मी अमुक' राहत नाही, घोळक्याचा एक भाग होतो, आणि मग एरवी जे करणार नाही ते करतो, अशी ती कल्पना. हा शब्द १९५२ साली फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. त्यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग झिंबार्डोचा, १९६९ साली प्रसिद्ध झालेला. न्यूयॉर्कमधल्या कॉलेजातल्या मुलींना त्याने दोन प्रकारे बसवलं. काही जणींच्या अंगावर ढगळ कोट, डोक्यावर चेहरा झाकणारी टोपी, नावाने हाक नाही. बाकीच्यांच्या छातीवर नावाची पट्टी. दोघींनाही समोरच्या बाईला विजेचा झटका देण्याचं बटण दिलं होतं. झटका खोटा होता, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. चेहरा झाकलेल्या मुलींनी साधारण दुप्पट वेळ बटण दाबून धरलं. झालं, सगळ्यांना अण्णांचं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

पण त्याच झिंबार्डोने हाच प्रयोग बेल्जियमच्या सैनिकांवर केला तेव्हा निकाल उलटा लागला. टोपी घातलेल्या सैनिकांनी कमी वेळ झटके दिले. चेहरा झाकला की पशूच बाहेर येत असेल, तर असं व्हायला नको होतं.

मग १९७९ मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग या दोघांनी मला फार आवडणारी गोष्ट केली. चेहरा झाकणं तेच ठेवलं, कपडे बदलले. काही जणींना पांढरे झगे दिले, अमेरिकेत काळ्या लोकांवर अत्याचार करणारी कू क्लक्स क्लॅनची माणसं घालत तसे दिसणारे. बाकीच्यांना नर्सचे गणवेश. प्रत्येक गटात काही जणींची ओळख उघड, काही जणींची लपलेली. या वेळी झटक्याची तीव्रता वाढवायची की कमी करायची हे त्यांनी ठरवायचं होतं. क्लॅनचा झगा घातलेल्यांनी वाढवली, ओळख लपल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. नर्सच्या वेशातल्यांनी कमी केली. आणि ज्यांची ओळख लपलेली होती त्या नर्सवेशातल्या बायकांनी तर अजून कमी केली.

म्हणजे निनावीपणाने त्या आणखी मवाळ झाल्या. निनावीपण आपल्याला एका दिशेला ढकलत नाही. समोरचा प्रसंग ज्या दिशेला नेत असतो, तिकडे जायची वाट मोकळी करतं.

तन्मय_रबाळे | बुधवार, दुपारी ३:४५

मॅडम, प्रयोग ठीक आहेत, पण प्रत्यक्षात काय दिसतं? रस्त्यावर माणूस पडलेला असतो, शंभर जण बघतात, एकही पुढे येत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका बाईचा खून झाला तेव्हा ३८ शेजारी खिडकीतून बघत होते, कोणी फोनही केला नाही. हे सगळीकडे शिकवतात. गर्दी मोठी झाली की मदत कमी होते, हे तर सिद्ध झालेलं आहे ना?

मृण्मयी_ऐरोली | बुधवार, सायंकाळी ६:१०

तन्मय, अर्धं बरोबर आहे, आणि हे अर्धं माझ्याही पुस्तकांत वर्षानुवर्षं तसंच छापलेलं होतं. किटी जेनोव्हीज, १९६४. ३८ जण गप्प बघत उभे होते ही गोष्ट नंतर तपासली तेव्हा टिकली नाही. हल्ल्याचा बराचसा भाग कोणाला दिसण्यासारखाच नव्हता. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हाकललंही होतं.

त्यावरून निघालेला प्रयोग मात्र खरा आहे, डार्ली आणि लाताने, १९६८. हेडफोनवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फिट येते. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल तर ८५ टक्के जण मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटत असेल तेव्हा ३१ टक्के. पण हे ऐकणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले होते. कोण उठलं, कोण नाही, हे एकमेकांना दिसत नव्हतं. ठाण्याच्या फलाटावर ते दिसतं.

२०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण बसून पाहिलं. ९१ टक्के भांडणांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता. आणि आजूबाजूला माणसं जितकी जास्त, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गर्दी वाढली की 'मीच' पुढे जाईन ही शक्यता कमी होत असेलही. पण मार खाणाऱ्याच्या दृष्टीने 'कोणीतरी' पुढे येणं महत्त्वाचं, आणि ते वाढतं. सचिनच्या गोष्टीत त्या भाजीवाल्या पिशवीच्या बाई आल्याच की.

अण्णा_वाशी | बुधवार, रात्री ९:००

मृण्मयीताई, तुमचं वाचून मला २६ जुलै २००५ आठवली. मी चेंबूरहून वाशीला चालत निघालो होतो. काळोख, दिवे गेलेले, एका ठिकाणी छातीपर्यंत पाणी. उघडी मॅनहोल कुठे आहेत काही कळत नव्हतं. पुढे काही पोरांनी हातात हात धरून साखळी केली होती आणि एकेकाला पलीकडे नेत होती. माझा हात ज्याने धरला त्याचा चेहरा मी पाहिलाच नाही. तळहात खरखरीत होता, हमालाचा असावा किंवा गवंड्याचा. पलीकडे नेऊन सोडलं आणि म्हणाला, "काका, आता डावीकडनं चाला." नाव विचारायचं राहिलं. पुढे खाडीपुलापर्यंत तीन ठिकाणी लोकांनी चहा-बिस्किटं दिली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे नंतर कळलं.

आपत्ती वेगळी आणि मारहाण वेगळी, असं माझं अजूनही मत आहे. पाण्यावर कोणी राग काढत नाही.

मृण्मयी_ऐरोली | बुधवार, रात्री ९:४०

अण्णा, तुमचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. पण बघा, तुम्ही काल निनावीपणाच्या ज्या अटी सांगितल्यात त्या सगळ्या इथे होत्या. अंधार, अनोळखी माणसं, परत कधी भेट नाही, पकडलं जायची भीती नाही. एखाद्याला तुमचं पाकीट काढून घ्यायचं असतं तर याहून सोपी वेळ नव्हती. तिथे जमलेल्यांना त्या क्षणी 'आपण काय करायचं असतं' याचं उत्तर साखळी हे होतं, आणि अंधाराने कोणाचाही हात धरायचा संकोच काढून टाकला.

अंधाराचा एक प्रयोगही आहे, गर्गेन आणि सहकाऱ्यांचा, १९७३ चा. एकमेकांना न ओळखणाऱ्या तरुण-तरुणींना तासभर मिट्ट काळोखाच्या खोलीत ठेवलं. नंतर भेट होणार नाही हे आधीच सांगितलेलं. जवळपास ९० टक्के जणांनी मुद्दाम कोणाला तरी स्पर्श केला, निम्म्यांनी कोणाला तरी मिठी मारली. कोणी कोणाला मारलं नाही. उजेडातले गट नुसते बसून गप्पा मारत राहिले.

आपत्ती वेगळी हे तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. राग असतो तेव्हा शरीर तापलेलं असतं, त्याचा परिणाम होतोच. किती होतो यावर आमच्यात आजही वाद आहेत.

निवृत्त_हवालदार | गुरुवार, सकाळी ७:५०

इथे मला थोडं वेगळं सांगायचंय. मॅडम म्हणतात डोकं चालू असतं. बऱ्याच जणांचं असतं, कबूल. पण मी अशीही माणसं पाहिलीत ज्यांना ओढून बाजूला नेलं तरी हात चालूच. डोळे वेगळे दिसतात, हाक ऐकू जात नाही. त्यातल्या एकाला मी दहा मिनिटांनी चौकीत पाणी दिलं, तेव्हा तो विचारत होता की मी किती मारलं. नाटक नव्हतं ते. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

कडं बिघडतंय हे कसं ओळखायचं, तेही सांगतो. टपल्या आणि धपाटे चालू असतात तोवर लोकांच्या मनात एक मर्यादा असते, ती कोणी न सांगता सगळे पाळतात. सचिनने पाठीत मारलं, डोक्यात नाही, यातच आलं. कोणी पट्टा काढला, डोक्यावर मारायला लागला, किंवा दुसराच आरोप हवेत आला, "बाईला हात लावला", "पोरं पळवणारा आहे", की मर्यादा बदलते. मग पाच मिनिटंही हातात नसतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण मारले गेले ते मुलं पळवणारे असल्याच्या अफवेवरून. भिक्षा मागून खाणारी माणसं होती ती.

सचिन_कळवा | गुरुवार, सकाळी ८:४०

काका, "मारू नका, मारू नका" असं एक जण ओरडत होता. कोणी ऐकलं नाही. त्या बाईंनी फक्त प्रश्न विचारला आणि सगळे थांबले. असं का?

निवृत्त_हवालदार | गुरुवार, सकाळी ११:२०

"मारू नका" हे चाळीस जणांना म्हटलेलं असतं, म्हणजे कोणालाच नाही. आणि ओरडणारा चोराच्या बाजूचा वाटला तर त्यालाही पडते, हे लक्षात ठेवा.

आमची पद्धत अशी होती. दोघे जायचो. एक जण थेट मुलापाशी, त्याची पाठ भिंतीला किंवा खांबाला, म्हणजे मागून फटके बंद. दुसरा मोठ्याने विचारणार, "फिर्यादी कोण? फोन कोणाचा?" उत्तर येवो न येवो, लोक एकमेकांकडे बघायला लागतात. मग बोट दाखवून एकेकाला, "चौकड्याचा शर्ट, तुम्ही पाहिलंत ना? चला साक्षीला, नाव सांगा." तीन जणांना असं म्हटलं की बाकीचं कडं आपोआप विरतं. त्या बाईंनी नकळत यातला मधला भाग केला. तुम्ही साधी माणसं असाल तर कड्यात घुसू नका. ११२ लावा आणि बाहेरून हाच प्रश्न विचारत राहा.

मृण्मयी_ऐरोली | गुरुवार, दुपारी १:३०

काकांनी जे सांगितलं तेच एका हॅलोविनच्या रात्रीच्या अभ्यासात आकड्यांत दिसतं. १९७६, डीनर आणि सहकारी, अमेरिकेतलं सिएटल. त्या सणाला मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन घरोघरी चॉकलेटं मागत फिरतात. २७ घरांत एक बाई दार उघडायची, "एकेकच घ्या" म्हणायची आणि आत निघून जायची. लपलेला माणूस मोजत होता. एकूण १३०० हून अधिक मुलं आली. काहींना त्या बाईने नाव आणि कुठे राहतोस ते विचारलं, काहींना नाही.

एकटं आलेलं आणि नाव सांगितलेलं मूल: साडेसात टक्के वेळा जास्त उचललं. एकटं पण निनावी: सुमारे २१ टक्के. घोळक्यात पण नाव सांगितलेलं: तेही सुमारे २१. घोळक्यात आणि निनावी: ५७ टक्के. घोळका आणि निनावीपण या दोन्हींनी वेगवेगळं जे केलं, त्यापेक्षा एकत्र आल्यावर कितीतरी जास्त झालं. आणि पहिल्या मुलाने जास्त उचललं की मागचीही उचलत. काका "नाव सांगा" म्हणत तेव्हा ते या ५७ टक्क्यांच्या चौकटीतून माणसाला बाहेर काढत होते.

पण याला मर्यादा आहे. इथे पणाला लागलेलं होतं चॉकलेट. त्यावरून मारहाणीचं गणित मांडता येत नाही. १९९८ मध्ये पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी अशा ६० अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा निनावी माणसं सरसकट बेताल वागतात हे काही निघालं नाही. ती त्या प्रसंगाच्या रीतीला जास्त धरून वागतात, असं निघालं. सचिन, म्हणून तुमचा डबा मला इतका महत्त्वाचा वाटतो. डोकं बंद झालेला माणूस डाळ सांडू नये म्हणून हात बदलत नाही. तुम्ही त्या कड्याची रीत उचललीत: पाकीटमार सापडला की जाता-जाता एक द्यायची. ही रीत तुम्ही फलाटावर शिकला नाहीत, लहानपणापासून आपण सगळे ती बघत आलोय.

तुम्हाला हे ऐकून बरं वाटणार नाही, मला कल्पना आहे.

सचिन_कळवा | गुरुवार, दुपारी १:५०

नाही वाटलं. पण खरं वाटलं. माझे वडील सांगायचे, अमक्या साली पाकीटमार धरला आणि सगळ्या डब्याने कसा धुतला. आम्ही हसत ऐकायचो.

थर_आणि_सलामी | गुरुवार, रात्री १०:३०

मी ठाण्यात एका गोविंदा पथकाला सराव देतो. माझा प्रश्न याच विषयातला आहे की नाही माहीत नाही, पण विचारतो. आमची दीडशे पोरं, सगळ्यांचा एकच टी-शर्ट. दिवसभर तीच पोरं इतकी जबाबदार असतात की काय सांगू. थर कोसळतो तेव्हा खालचा पोरगा स्वतःच्या खांद्यावर झेलतो, पण वरच्या लहानग्याला जमिनीवर पडू देत नाही. आणि रात्री परत येताना तीच पोरं, तोच टी-शर्ट, ट्रिपल सीट, पिपाण्या, रस्त्यावरच्या मुलींना ओरडणं. मागच्या वर्षी एका रिक्षावाल्या काकांशी इतकं वाईट वागले की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्टँडवर जाऊन माफी मागितली. टी-शर्टवर मागे प्रत्येकाचं नाव छापलं तर फरक पडेल का? खर्च वाढतो, पण करीन.

तन्मय_रबाळे | गुरुवार, रात्री १०:५५

नक्की छापा. नाव दिसलं की सगळे सरळ होतात.

गौरी_घणसोली | शुक्रवार, सकाळी ९:१०

तन्मय, आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. प्रत्येकाचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, डीपीत बायको-मुलं. तरी पाणी दोन दिवस कमी आलं तेव्हा सेक्रेटरींना जे जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. त्यांनी राजीनामा दिला. लिफ्टमध्ये भेटले की तीच माणसं खाली मान घालून उभी राहतात. नावाने काही होत नाही.

मृण्मयी_ऐरोली | शुक्रवार, दुपारी १२:४५

गौरी, तुमच्यामुळे धाग्यात राहून गेलेली गोष्ट आली. निनावी कोणापुढे, हे विचारायला हवं. तुमच्या ग्रुपवर माणसं नावानिशी होती, पण ती ज्यांच्यापुढे बोलत होती ते चिडलेलेच शेजारी होते. तिथे नाव दिसणं म्हणजे शाबासकी मिळणं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी एकटे समोर असतात, तेव्हा प्रेक्षक बदललेला असतो.

थरवाले दादा, तुमच्या पोरांचंही तेच. रस्त्यावरच्या लोकांना ती निनावी आहेत, पण एकमेकांना पुरती ओळखतात. ट्रिपल सीटवरचा मधला पोरगा ओरडतो तो पुढच्या-मागच्याला ऐकू जावं म्हणून. पाठीवरचं नाव धावत्या गाडीवर, रात्री, कोण वाचणार? वाचलं तरी त्या नावाचा पोरगा कोणाचा हे त्यांना कुठे माहीत? दिवसाच्या वागण्याचा विचार करा. तेव्हा पोरांना सांभाळणारं काय असतं? टी-शर्ट तर तोच असतो.

थर_आणि_सलामी | शुक्रवार, दुपारी ३:००

दिवसा तळाला आमची जुनी माणसं असतात. पस्तीस-चाळिशीची, लग्न झालेली. ती आवाज चढवत नाहीत, नुसतं नावाने हाक मारतात, "ओम्या, पाय." बास. हंड्या संपल्या की ती जेवून टेम्पोने घरी जातात, आणि पोरं बाईकवर. मी यावर कधी विचारच केला नव्हता.

निवृत्त_हवालदार | शुक्रवार, सायंकाळी ५:१५

मग बाईक बंद, सगळी पोरं टेम्पोत. तळाची माणसं दर टेम्पोत दोन, मागच्या फळीपाशी. बंदोबस्तात आम्ही हेच सांगायचो. अर्धी पथकं ऐकायची नाहीत.

तन्मय_रबाळे | शुक्रवार, सायंकाळी ६:००

पण तळाची माणसंच प्यायलेली असली तर? आमच्या गल्लीत तसं झालंय.

थर_आणि_सलामी | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

आमच्याकडे चढायच्या दिवशी कोणी पीत नाही. उतरल्यावरचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रविवारच्या सरावाला जुन्या लोकांशी बोलतो. टेम्पोचं भाडं नावं छापण्याच्या खर्चाएवढंच येईल.

सचिन_कळवा | रविवार, रात्री ९:३०

काल मुद्दाम त्याच वेळेला त्या जिन्याखाली थांबलो होतो. त्या बाई भेटल्या तर त्यांना काहीतरी बोलावं असं वाटत होतं. दिसल्या नाहीत. तिथल्या बूटपॉलिशवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, त्या रोज येत नाहीत. मग मी त्यांना त्या मुलाचं विचारलं. "तो काय, दिव्याचा आहे," म्हणाले, "कॅन्टीनला डबे धुतो. परवा दिसला, खांद्याला पट्टी होती." नाव त्यांना ठाऊक नव्हतं. बुधवारी माझी सुट्टी आहे, कॅन्टीन शोधायला जाणार आहे.

अण्णा_वाशी | रविवार, रात्री १०:०५

जा. एकटेच जाऊ नका वाटलं तर सांगा, मी वाशीहून येतो.